तारण घटलं म्हणून खूश झालो आणि तिथेच फसलो

मागच्या नोंदीत ‘तारण कमी होतंय’ असा फिल्टर लिहिला होता, म्हणजे प्रमोटरने कर्जासाठी गहाण ठेवलेले शेअर घटताहेत अशा कंपन्या निवडायच्या. तो आज मोडीत काढला. ज्या कंपनीला त्याने पास केलं होतं, तिनेच दगा दिला. नाव देत नाही, आकडे सोपे करून देतो.

एकूण १० कोटी शेअर. प्रमोटरकडे ५.४ कोटी, म्हणजे ५४ टक्के. त्यातले २.१६ कोटी गहाण, म्हणजे प्रमोटरच्या हिश्शाच्या ४० टक्के. पुढच्या तिमाहीत तारण २६.४ टक्क्यांवर आलं आणि माझ्या एक्सेल शीटमध्ये तो रकाना हिरवा झाला. प्रमोटरचा हिस्सा ४४ टक्क्यांवर आलेला दिसत होता, पण मी समजूत घातली: थोडे शेअर विकून कर्ज फेडलं असेल.

खरं घडलं होतं ते उलटं. कर्ज देणाऱ्याने गहाण ठेवलेले १ कोटी शेअर जप्त केले होते. ते प्रमोटरच्या खात्यातून गेले, म्हणून हिस्साही घटला आणि तारणही. उरलेले गहाण १.१६ कोटी, भागिले ४.४ कोटी, झाले २६.४ टक्के. प्रमोटरने स्वतः सोडवून विकले असते तरी नेमका हाच आकडा आला असता. तिमाहीच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नवरून हे दोन प्रकार वेगळे ओळखू येत नाहीत, यावर माझे चार रविवार गेले.

फरक कळतो तो सेबीच्या टेकओव्हर नियमांतल्या ३१ व्या कलमाखालच्या कागदात. तारण ठेवलं, सोडवलं की जप्त झालं, हे तिथे स्पष्ट दिसतं, तेही काही दिवसांतच. शेअरहोल्डिंग पॅटर्नला मात्र तिमाही संपल्यावर २१ दिवसांची मुभा. हा कागद एक्स्चेंजच्या साइटवर आधीच पडून होता, मीच उघडला नाही.

मार्केट यार्डातल्या हळदीवाल्या दोस्ताला सांगितलं तर तो हसला. ‘अरे, गोदामात पोती तारण आहेत आणि भाव पडला, की बँकेचा फोन येतोच. आणखी पोती ठेव, नाहीतर पैसे भर. दोन्ही जमलं नाही तर ते माल विकतात.’ शेअरचंही तसंच. भाव पडला की नवं कर्ज न काढताही गहाण शेअर वाढतात. म्हणजे तारण वाढलं की लगेच ‘प्रमोटरने आणखी उधारी केली’ म्हणणंही चूक.

आता Screener वर एवढंच ठेवलंय:

```
Pledged percentage > 20 AND
Change in promoter holding < 0
```

साइट झकास आहे, पण ती यादी देते, कारण देत नाही. म्हणून शीटमध्ये टक्क्यांऐवजी शेअरची संख्या भरायला घेतली. लिहिता लिहिता सुचलं, याने क्यूआयपीचा, म्हणजे मोठ्या संस्थांना नवे शेअर विकण्याचा, गोंधळही सुटतो: नवे शेअर निघाले तर प्रमोटरचे टक्के घटतात, संख्या तशीच राहते. पुढचा रविवार जुन्या बारा तिमाह्यांच्या संख्या भरण्यात जाणार. भाव १५ टक्के पडला की कागद उघडायचा असा गजरही लावणार होतो, पण तारण असलेल्या सातच कंपन्या आहेत, त्या रोज संध्याकाळी हातानेच बघेन.