आमची वाटचाल: तासाचा दर आणि त्यापायी झालेली भांडणं

आमच्या कन्सल्टन्सीची सुरुवात दोघांनी केली, मी आणि माझा भागीदार. सल्ला द्यायला दोघंही तयार होतो, पण त्या सल्ल्याच्या तासाला किती घ्यायचे यावर आमचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. त्याचा हिशोब तोंडी असायचा: माणसाचा पगार काढा, तासात वाटा, दुप्पट करा, झालं. मला हे कधीच पटलं नाही, आणि का पटलं नाही ते मी आधी मांडतो, कारण पुढची सगळी रामायणं त्यावरूनच झाली.

आकडे सोपे ठेवतो. माणसाचा वर्षाचा पगार वर्षाच्या २,०८० तासांवर (५२ आठवडे, आठवड्याला ४०) वाटला आणि तासाला १०० आले असं धरा. भविष्य निर्वाह, विमा, बोनस धरून यावर साधारण २० चढतात. मग ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअर, हिशोबनीसाचा पगार आणि मालकाचा स्वतःचा पगार, या सगळ्या ओव्हरहेडचा त्या माणसाच्या वाट्याचा भाग आमच्याकडे ६० निघायचा. एकूण १८०. मालकाचा पगार धरायचा म्हटलं की बरेच जण हसतात. पण मी कोटेशनं लिहीत बसतो, वसुलीचे फोन करतो, ते तास कोणत्या ग्राहकाला लावणार?

या ६० मध्येच एक गोम आहे. आम्ही आठ जण होतो, पण ग्राहकाला ज्यांचे तास लागतात असे सहाच. खर्च आठांत वाटला तर वाटा ४५ दिसतो आणि दर स्वस्त, गोंडस दिसतो. बिल मात्र सहांच्याच तासांचं होतं. ओव्हरहेड कमावणाऱ्या डोक्यांतच वाटायचा.

आता तास. वर्षाचे २,०८० तास कोणीच विकत नाही. सुट्ट्या, रजा, आजारपण मिळून ३३ दिवस गेले की १,८१६ उरतात. त्यातले प्रशिक्षण, मीटिंग, दोन कामांमधला रिकामा वेळ, प्रस्तावांसाठीची धावपळ काढली की हाती सत्तर टक्के लागतात, म्हणजे जवळपास १,२७० तास. वर्षाचा खर्च या तासांतूनच निघायचा असतो. १८० गुणिले २,०८० भागिले १,२७०, म्हणजे २९५. हा झाला ना नफा ना तोटा. वीस टक्के नफा हवा तर २९५ वर वीस टक्के चढवून भागत नाही, कारण आपल्याला विक्रीच्या किमतीतले वीस टक्के हवे असतात. ०.८ ने भागायचं. येतात ३६८. पगाराच्या तासाची साडेतीनपटीहूनही जास्त. भागीदाराची दुप्पट कुठे राहिली ते बघा.

माझं आवडतं हत्यार म्हणजे टाइमशीट. सुरुवातीला ती लांबट वही होती, पंधरा मिनिटांचा एक खण, आणि कडेला एक वेगळा रकाना, 'बिल न होणारे'. मुलं त्या रकान्याला घाबरायची, म्हणून कंटाळलेला अर्धा तासही ग्राहकाच्या नावावर टाकायची. शुक्रवारी संध्याकाळी मी प्रत्येकाच्या शेजारी बसून तो रकाना भरून घ्यायचो. तो रकाना खोटा असेल तर सत्तर टक्क्यांना काही अर्थ नाही. पुढे वही गेली आणि स्प्रेडशीट आली. तिचं सूत्र आजही तेच आहे:

```
=B2*(1+B3+B4)/(1-B5)/(B6*B7)
```

क्रमाने पगार, पगारावरचे खर्च, ओव्हरहेडचा वाटा, नफा, हजेरीचे तास आणि बिल होणाऱ्या तासांचं प्रमाण. 208000, 0.20, 0.60, 0.20, 1816, 0.70 टाका, ३६८ येतील. शेवटचा आकडा ०.५५ करून बघा. नुसता खर्चच तासाला ३७५ वर जातो, म्हणजे वीस टक्के नफ्याचा वाटणारा ३६८ चा दर तोट्यात येतो. दराएवढंच या एका आकड्यावर लक्ष ठेवा, हे मी न विचारता सगळ्यांना सांगत असतो.

मग प्रतिस्पर्धी आला. त्याने आमच्या सर्वात मोठ्या ग्राहकाला तासाला २४० चा दर दिला. भागीदार म्हणाला, "आपण पण तोच द्यायचा. माणसं बसूनच आहेत, पगार तर द्यावाच लागतो, जे येईल तो फायदा." हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक आहे. रिकाम्या तासासाठी ते बरोबर. पण स्वस्त कामाने रिकामे तास भरल्यावर पूर्ण दराचं काम आलं तर बसवायचं कुठे? मी विरोध केला, भागीदारी अर्धी-अर्धी होती, आणि तो सहीसाठी अडून बसला. दर उतरला. ऑफिस रात्री नऊपर्यंत गजबजलेलं, सगळे खूश. तासामागे ५५ पदरचे जात होते. एक माणूस वर्षभर तिथे गुंतला की त्याच्या पगाराची एक तृतीयांश रक्कम आमच्या खिशातून गेली. काम जेवढं जास्त, खड्डा तेवढा खोल. बाकीच्या ग्राहकांना सुगावा लागला आणि त्यांनीही तोच दर मागितला. पगार थकायची वेळ आली. भागीदार त्यानंतर बाहेर पडला, आणि कर्जाचे हप्ते मी एकट्याने फेडले. हे कधी कोणी विचारलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

त्यातून तारलं ते एका ग्राहकाच्या हिशोब विभागाच्या बाईंनी. त्यांनी दर कमी करा असं म्हटलं नाही, "हा आकडा आला कसा, दाखवा" म्हणाल्या. मी स्प्रेडशीट उघडून दाखवली. त्यांची नजर थेट सत्तर टक्क्यांवर गेली. "आम्ही एका माणसाचं वर्षभराचं काम आधीच ठरवून दिलं, तर हा आकडा किती होईल?" अठ्ठ्याहत्तर होईल, मी म्हणालो. खर्च २६४ वर उतरतो आणि तोच वीस टक्के नफा ठेवून दर ३३० पडतो. म्हणजे दहा टक्के सूट, आणि माझं काहीच गेलं नाही. तीच सूट कोणी नुसती घासाघीस करून घेतली असती, तर तासामागचा ७३ चा नफा ३६ वर आला असता. तेव्हापासून मी सूट तासांच्या हमीवरच देतो, चहा पाजला म्हणून देत नाही.

मधली वर्षं कामात गेली.

प्रतिस्पर्ध्याचं २४० चं कोडं मात्र मला त्या मोठ्या ग्राहकानेच सोडवून दिलं; मधे तो त्यांच्याकडे गेला होता. कोटेशनमध्ये अनुभवी माणसाचं नाव, प्रत्यक्ष काम नवख्याकडे. आम्ही १०० तासांत करायचो ते तिथे १७० तासांत झालं. आमचं बिल झालं असतं ३६,८००. त्यांचं झालं ४०,८००, शिवाय दुरुस्त्या वेगळ्या. ग्राहक परत आला, पण आधी फक्त तासाचा दर विचारला! मी आधी कामाचे अंदाजे तास लिहून दिले, मग दर.

भागीदाराने पुढे स्वतःची फर्म काढली. त्याचा आजचा दर माझ्यापेक्षा जास्त आहे, असं ऐकतो.