रजिस्टरमध्ये ५ लिहिला, तिथे ० उरला

तक्रार आली ती घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या पंपघरातून. पंप बंद असताना सगळं ठीक, पंप सुरू झाला की पॅनेलच्या स्क्रीनवर मधूनमधून ‘कम्युनिकेशन फॉल्ट’ येतो आणि आपोआप जातो. आमचा सर्व्हिस इंजिनीअर फोनवर म्हणाला, “मॅडम, केबल बदलली, शिल्ड अर्थ केली, टर्मिनेशनचा रेझिस्टर पण लावला. काहीच फरक नाही.” विक्री विभागाने तोवर ग्राहकाला ‘साइटवर नॉइज आहे’ असं सांगून टाकलं होतं. आमच्याकडे न सापडलेल्या प्रत्येक दोषाला नॉइज म्हणतात आणि त्यामुळे तो सापडायला आणखी उशीर होतो.

रबाळे एमआयडीसीत आम्ही पंपांचे कंट्रोलर बनवतो. आत एसटीएम३२ कुटुंबातला कॉर्टेक्स-एम३ आहे, ७२ मेगाहर्ट्झवर चालणारा. त्याची दोन कामं इथे महत्त्वाची. एक टायमर दर मिलिसेकंदाला इंटरप्ट देतो, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून आपल्या हँडलर या फंक्शनकडे नेतो, आणि त्या हँडलरमध्ये तिन्ही फेजच्या करंटचा हिशोब होतो. दुसरीकडे स्क्रीन आरएस-४८५ वरून मॉडबसच्या विनंत्या पाठवतो. त्यातला प्रत्येक बाइट आला की तो घेणाऱ्या यूएआर्टचा इंटरप्ट येतो.

टेबलावर तोच कंट्रोलर दिवसभर न चुकता चालला. मग मी सेकंडरी इंजेक्शन किट आणून एकाच फेजमध्ये करंट सोडला. काही मिनिटांत स्क्रीनवर फॉल्ट आला. माझ्याबरोबर काम करणाऱ्या नीलेशने विचारलं, “एकाच फेजला का दिला?” कारण पंपघरातला करंट कधी तिन्ही फेजना सारखा नसतो आणि टेबलावर तर तो शून्यच असतो. आमच्या कोडमध्ये करंट शून्य असला की हिशोब मधूनच सोडून देतात. असमतोल दिसला की पुढचं लांबलचक गणित चालतं. ते आकडे दशांशातले, आणि एम३ मध्ये दशांशाच्या गणिताचं हार्डवेअर नसल्यामुळे ते सगळं सॉफ्टवेअरला करावं लागतं.

दोन मोकळ्या पिनांवर मी ऑसिलोस्कोप लावला. टायमरच्या हँडलरमध्ये शिरताना एक पिन वर, निघताना खाली. यूएआर्टसाठी दुसरी. करंट नसताना टायमरचा पल्स ६० मायक्रोसेकंदांचा होता. असमतोल करंट दिल्यावर तो १५० झाला. खरी गोष्ट मात्र दुसऱ्या पिनेवर होती. टायमरचा पल्स चालू असताना यूएआर्टची पिन एकदाही वर गेली नाही. ती नेहमी टायमर संपल्यावर, त्याला चिकटून वर जायची.

इथे थांबून हिशोब करायला हवा. आमची लाइन ११५२०० बॉडवर, पॅरिटी धरून एका बाइटला ११ बिट, म्हणजे साधारण ९५ मायक्रोसेकंद. या चिपच्या यूएआर्टला साठवणीची रांग नाही. आलेला बाइट डेटा रजिस्टरमध्ये बसतो आणि पुढचा शिफ्ट रजिस्टरमध्ये जमत राहतो. पुढचा पूर्ण होईपर्यंत आधीचा उचलला नाही, तर नव्याला जागा नाही आणि तो हरवतो. म्हणजे उशिराची मुभा ९५ मायक्रोसेकंदांची. टायमर ६० घेत होता तोवर सगळं निभावलं. १५० झाल्यावर, टायमर सुरू झाल्यापासून पहिल्या ५५ मायक्रोसेकंदांत जो बाइट पोचेल त्याच्या मागचा बाइट गेलाच. मॉडबसची वाचण्याची विनंती आठ बाइटांची असते. शेवटच्याच्या मागे कुणी नसतं, म्हणून धोक्याच्या खिडक्या सात. सात गुणिले ५५ म्हणजे ३८५, आणि टायमर येतो दर १००० मायक्रोसेकंदांनी. दहातल्या साधारण चार विनंत्या खराब! सीआरसी हा तपासणीचा आकडा जुळत नाही म्हणून आमचा कंट्रोलर उत्तर देत नाही. स्क्रीन तीनदा प्रयत्न करतो, त्यामुळे तिन्ही वाया जाण्याची वेळ विसातून एकदाच्या आसपास येते. पंपघरातल्या ‘मधूनमधून’चा अर्थ हा होता.

बाइट हरवला की यूएआर्ट USART_SR या स्थितीच्या रजिस्टरमध्ये ORE हा बिट लावतो. मग तो कुणाला दिसला कसा नाही? कारण या चिपमध्ये आधी SR आणि मग DR वाचलं की तो बिट पुसला जातो, आणि आमचा हँडलर प्रत्येक बाइटला नेमकं तेच करतो. SR वाचून त्यात ORE तपासायचं आणि एक काउंटर वाढवायचा, एवढ्या दोन ओळी असत्या तर केबल बदलायला कुणी गेलं नसतं. जे हार्डवेअर स्वतःहून चूक सांगतं, त्याचं सांगणं न वाचता पुसणारा कोड मला सहन होत नाही.

पण यूएआर्ट टायमरच्या मध्ये का शिरला नाही? प्रायॉरिटी तर दिलेली होती. सुरुवातीच्या कोडमध्ये स्वच्छ दोन ओळी:

```c
NVIC->IP[USART1_IRQn] = 1;  /* uart high */
NVIC->IP[TIM2_IRQn]   = 5;
```

कॉर्टेक्स-एममध्ये आकडा जितका लहान तितका मान मोठा. १ ने ५ ला अडवायला हवं होतं. डीबगरमध्ये मी 0xE000E41C आणि 0xE000E425 हे दोन पत्ते उघडले. पहिला टायमरच्या प्रायॉरिटीचा, दुसरा यूएआर्टच्या. दोन्हीकडे 0x00.

प्रायॉरिटीचं रजिस्टर आठ बिटांचं असतं, पण चिप बनवणारा त्यातले किती बिट खरोखर ठेवायचे ते ठरवतो. आमच्या चिपमध्ये वरचे चारच आहेत. खालच्या चारांत काहीही लिहा, ते शून्यच वाचलं जातं. ५ म्हणजे 0x05, सगळा खालच्या अर्ध्यात. हवा होता 0x50. कंपायलर गप्प, चिपही गप्प, आणि रीसेटनंतर ज्या शून्यावर सगळे इंटरप्ट असतात त्याच शून्यावर हे दोघे राहिले. ज्याने हा कोड लिहिला तो आता दुसरीकडे आहे आणि त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो तपासणीच्या पद्धतीवर. आमच्याकडे कोड वाचून सह्या झाल्या, रजिस्टर परत वाचून कुणी पाहिलं नाही.

सारख्या प्रायॉरिटीचे इंटरप्ट एकमेकांना थांबवत नाहीत. दोन्ही एकदम वाट बघत असतील तर कमी क्रमांकाचा आधी जातो. टायमर २८, यूएआर्ट ३७, म्हणजे तिथेही टायमरच पुढे. टायमर संपला की प्रोसेसर रजिस्टरं परत काढून पुन्हा ठेवण्याचा खटाटोप करत नाही, सहा सायकलींत थेट पुढच्या हँडलरमध्ये जातो. स्कोपवर दोन पल्स चिकटलेले दिसत होते ते यामुळे.

दुरुस्ती दोन ओळींची, कारण हे फंक्शन आकडा स्वतःच वरच्या बिटांत सरकवतं:

```c
NVIC_SetPriority(USART1_IRQn, 1);
NVIC_SetPriority(TIM2_IRQn, 5);
```

आता 0x10 आणि 0x50 वाचले गेले. स्कोपवर टायमरच्या पल्सच्या पोटात यूएआर्टचे चार मायक्रोसेकंदांचे बारीक पल्स दिसू लागले. त्या क्षणी आत काय चाललं होतं ते मी नीलेशला पायरीपायरीने दाखवलं. मुख्य लूप चालू असताना टायमरने हाक दिली. हार्डवेअरने R0 ते R3, R12, LR, परतीचा पत्ता आणि xPSR ही आठ रजिस्टरं, म्हणजे ३२ बाइट, स्टॅकवर ठेवली. त्याच वेळी वेक्टर टेबलातून हँडलरचा पत्ता उचलला. पहिल्या सोळा जागा प्रोसेसरच्या स्वतःच्या, म्हणून २८ क्रमांकाचा टायमर ४४ व्या घरात, टेबलाच्या सुरुवातीपासून 0xB0 वर. हे सगळं साधारण १२ सायकलींत होतं. R4 ते R11 हँडलरने वापरली तर ती जपण्याचं काम कंपायलरचं.

LR मध्ये मात्र नेहमीचा पत्ता नसतो. तिथे 0xFFFFFFF9 ही खूण बसते: परत जाताना साध्या कोडमध्ये जायचं आहे. मग गणिताच्या मध्येच बाइट आला. त्याचा मान मोठा, म्हणून पुन्हा आठ रजिस्टरं त्याच स्टॅकवर, पत्ता 0xD4 वरून, आणि आता LR मध्ये 0xFFFFFFF1: परत जायचं ते दुसऱ्या हँडलरमध्ये. यूएआर्टचा हँडलर संपताना हा आकडा पीसीत गेला की प्रोसेसर तो पत्ता समजत नाही, खूण ओळखतो आणि आठ रजिस्टरं जागच्या जागी ठेवतो. अर्धवट राहिलेला गुणाकार काही घडलंच नाही अशा तऱ्हेने पुढे चालू होतो. डीबगरमध्ये यूएआर्टच्या हँडलरवर थांबून LR मध्ये F1 दिसला, तर नेस्टिंग, म्हणजे एका हँडलरच्या पोटात दुसरा, खरंच होतंय याचा त्याहून पक्का पुरावा नाही.

नीलेश खूश झाला, पण मला धास्ती वाटली. आमचा यूएआर्टचा हँडलर फ्रेम पूर्ण झाल्यावर करंटची मर्यादा आणि ट्रिपचा वेळ या दोन सेटिंगही तिथेच लिहायचा. टायमर त्याच दोन सेटिंग वाचतो. आजवर दोघे एकमेकांच्या मध्ये येतच नव्हते, म्हणून ते चुकून सुरक्षित होतं. आता टायमर जुनी मर्यादा वाचून थांबेल, मध्ये यूएआर्ट दोन्ही बदलेल आणि टायमर नवा वेळ वाचेल. अशी जोडी ग्राहकाने कधी दिलेलीच नाही. म्हणून हँडलरमध्ये फक्त बाइट रांगेत टाकायचा, फ्रेमचा अर्थ मुख्य लूपमध्ये लावायचा आणि दोन सेटिंग लिहिताना तेवढ्यापुरता टायमर रोखायचा, असं ठरवलं. BASEPRI या इंटरप्ट रोखणाऱ्या रजिस्टरमध्ये ५ ची पातळी ठेवली की ५ आणि त्याहून कमी मानाचे थांबतात, यूएआर्ट मात्र चालू राहतो.

नीलेशने लिहिलं `__set_BASEPRI(5)`. हे फंक्शन आकडा सरकवत नाही. ५ तसाच गेला, वरचे बिट शून्य, आणि BASEPRI शून्य म्हणजे कुणालाच रोखायचं नाही. तोच खड्डा, त्याच संध्याकाळी, आणि तोही नुकतंच सगळं समजलेल्या हुशार मुलाकडून. हवं होतं ते असं:

```c
__set_BASEPRI(5 << (8 - __NVIC_PRIO_BITS));
```

एकाच संचातलं एक फंक्शन आकडा सरकवतं आणि दुसरं नाही, ही रचना मला वाईट वाटते. दोन्हींच्या नावांवरून ते कळत नाही, म्हणून आठवणीवर विसंबून चालणारच नाही. आता कंट्रोलर चालू होताना सगळ्या प्रायॉरिटी परत वाचतो आणि अपेक्षित आकडा नसेल तर पंप सुरूच होऊ देत नाही. ORE चा काउंटर स्क्रीनच्या सर्व्हिस पानावर आहे. त्या पंपघरात तो शून्यावर आहे.

सरांशी वाद मात्र मिटलेला नाही. ते म्हणतात, “अगं, १५० मायक्रोसेकंदांचं गणित हँडलरमध्ये ठेवायचंच कशाला? टायमरने फक्त नमुने घ्यावेत, हिशोब मुख्य लूपने करावा.” त्यांचं बरोबर आहे. पण मुख्य लूपमध्ये स्क्रीनचं, मेमरीत लिहिण्याचं असं सगळं चालतं. फ्लॅशचं एक पान पुसताना प्रोसेसरला फ्लॅशमधून पुढची सूचनाच मिळत नाही, तेव्हा हँडलरही थांबतो आणि लूपही. त्या काळात फेज तुटला तर ट्रिपला किती उशीर होतो, ते मी अजून मोजते आहे.