माजघराचा रंग

मंगळवार पेठेतल्या त्या जुन्या घरातलं माजघर रंगवायला घेतलं, तेव्हा काकींचं म्हणणं एकच होतं. "पांढरा मारा. अंधारी खोली हाय, पांढऱ्यानं उजळंल." बावीस वर्षं रंगकाम करतोय, पण मीही फार विचार न करता होकार दिला. खोली बारा बाय दहाची. एकच खिडकी, दोन फुटांची, तीही बोळात उघडणारी. पुट्टी, प्रायमर झालं आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढऱ्याचे दोन हात मारून आम्ही घरी गेलो.

सकाळी दार उघडलं तर भिंत राखेसारखी दिसत होती. मिस्त्रीला वाटलं, ओल आली. हात लावून बघितला, भिंत कोरडी ठणठणीत. रंगात खोट नव्हती, खोलीत उजेडच नव्हता. पांढरा रंग आलेल्या उजेडातला बहुतेक परत फेकतो हे खरं, पण जो उजेड आलाच नाही तो कुठून फेकणार? त्यातून पांढऱ्याला स्वतःची अशी छटा नसते. कोपऱ्यात सावली पडली की डोळ्याला तो सरळ राखाडीच वाटतो.

काकींनी भिंतीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यापेक्षा जुना डिस्टेंपर बरा होता ओ दादा." मला ते लागलं. काम थांबवलं.

मग हलका पिवळसर क्रीम घ्यायचं ठरलं. शेडकार्डावर तो लोण्यासारखा दिसत होता. या वेळी भिंतीला हात न लावता दोन फुटी प्लायच्या तुकड्यावर दोन हात मारून तो खोलीत उभा केला. दुपारी साडेबाराला त्यावर कच्च्या कैरीची झाक आली. दुकानात तर ती नव्हती. मी एक कोरा कागद खिडकीजवळ धरला, तोही हिरवट. तेव्हा वाकून बोळात बघितलं. चार फुटांवर शेजाऱ्यांची भिंत, अख्खी पोपटी. सूर्य बोळावर आला की ऊन आधी त्या भिंतीवर पडायचं आणि तिचा रंग घेऊन माजघरात यायचं. इतकी वर्षं खोलीत येणारा उजेड मुळात हिरवाच होता. पिवळ्यात हिरवा उजेड मिसळला की कैरी होणारच. पांढऱ्याचीही दुपारी तीच गत झाली असती.

अशा उजेडाला उतारा म्हणजे किंचित लालसर अंग असलेला रंग. तो हिरवी झाक खाऊन टाकतो. फिकट पीचच्या तीन छटा मागवल्या, प्रत्येकीचा वेगळा प्लाय केला. काही शेडकार्डांवर छटेजवळ एलआरव्ही हा आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. काळा शून्याकडं, पांढरा शंभराकडं. मी सत्तरच्या आसपासच्या छटा घेतल्या. त्याखाली गेलं की एवढ्याशा उजेडात खोली जड वाटते. शिवाय कार्डावर मनात भरते त्याहून एक पायरी फिकी छटा घेतली, कारण चारही भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि पीच बघता बघता नारिंगी होतो.

प्लाय दोन दिवस खोलीत फिरवले. कधी खिडकीशेजारी, कधी देव्हाऱ्यामागं, कधी अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर काकींना दाखवले. संध्याकाळी नवीच अडचण आली. खोलीत ६५०० केल्विनची निळसर ट्यूब होती, तिच्याखाली तिन्ही छटा मेलेल्या दिसल्या. २७०० चा पिवळा बल्ब लावला, तर पीच भडक झाला. ४००० चा दिवा लावल्यावर मधली छटा जागेवर आली. या खोलीत दिवसाही दिवा लागतो, त्यामुळं दिव्यासकट रंग ठरवणं भाग होतं.

शेवटी भिंतींना मधला पीच मॅटमध्ये दिला. चमकदार फिनिशनं उजेड वाढतो म्हणतात, पण जुन्या भिंतीचा गिलावा कुठं सरळ असतो? बाजूनं खिडकीचा उजेड पडला की चमकदार रंगात प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. छत मात्र पांढरंच ठेवलं. दिव्याचं तोंड वर केलं, म्हणजे तिथं उजेड थेट पोचतो आणि पांढऱ्याचा खरा उपयोग होतो.

खोली काही लख्ख झाली नाही, तशी ती होणारही नव्हती. पण राखाडी गेली, हिरवी झाकही गेली. काकी देव्हाऱ्याजवळ बसून बराच वेळ बघत राहिल्या आणि मग विचारलं, "आणि शेजाऱ्यानं उद्या भिंतीचा रंग बदलला म्हंजे?"

प्रश्न रास्त होता. मी छटेचा नंबर प्लायच्या मागं लिहिला आणि तिन्ही प्लाय त्यांच्याच माळ्यावर ठेवून आलो.