एकशे सहा टक्के

बुधवार, रात्री

उद्याच्या ग्रामसभेत पडद्यावर लावायचं चित्र आज ऑपरेटर पोराने दाखवलं. पुढच्या वर्षाचा एक कोटीचा खर्च, आठ रंगांचं गोल चक्र, प्रत्येक तुकड्यावर टक्के. सरपंचबाई खूश, ग्रामसेवकही खूश. मला मात्र आकडे दिसले की पेन्सिल हातात घ्यायची खोड. 24, 18, 18, 8, 8, 15, 10, 5. बेरीज 106.

"भाऊसाहेब, राउंडिंगमुळे झालं असेल," पोरगा म्हणाला.

राउंडिंगलाही मर्यादा असते. आकडा पूर्ण करताना एका बाबीमागे फार तर अर्धा टक्का वाढतो. आठ बाबी, म्हणजे जास्तीत जास्त चार, आणि तेही आठही आकडे नेमके अर्ध्यावर अडकले असतील तरच. इथे तर सहा जास्त होते. आणि चक्राचा भरवसा कुणी धरावा? 106 द्या नाहीतर 60 द्या, संगणक पूर्ण गोलच काढतो.

मग रकमांचा रकाना बेरजेला घेतला. बरोबर एक कोटी. म्हणजे पैसा जागच्या जागी होता, भानगड फक्त टक्क्यांत होती. पुन्हा पाहिलं तर 15, 10, 5 हे तीन आकडे ओळखीचे निघाले: मागासवर्गीय, महिला-बालकल्याण आणि दिव्यांग यांच्या राखीव निधीचे. पोराने रकमेवरून टक्के काढलेच नव्हते, नियमातले आकडे उचलून तसेच टाकले होते. ते टक्के असतात स्वउत्पन्नावर, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे. आमच्याकडे कारखान्यांच्या कराने स्वउत्पन्न 80 लाख होतं, उरलेले 20 लाख वित्त आयोगाचे. 80 लाखांचे 15 टक्के म्हणजे 12 लाख, 10 टक्के म्हणजे 8 लाख, 5 टक्के म्हणजे 4 लाख. एक कोटीच्या चक्रात ते 12, 8 आणि 4 टक्केच भरतात. तीस लिहिले होते, हवे होते चोवीस. सहा सापडले.

पोराने लगेच आकडे बदलले. तेवढ्यात सरपंचबाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, 15 च्या जागी 12 दिसलं की लोक म्हणतील, आमचा निधी कापला."

बाईंचं खोटं नाही. मागच्या बाकावरून पहिला आवाज तोच येणार. चक्रात 12 च राहू द्या म्हटलं, पण त्या तिन्ही तुकड्यांखाली रक्कम लिहा आणि पुढे 'स्वउत्पन्नाच्या 15 टक्के' असं मांडा. ग्रामसेवकांना एवढी अक्षरं चित्रात बसतील का याचीच काळजी. अखेर दिवाबत्तीच्या तुकड्यावरचं बल्बचं चित्र काढून टाकलं, तेव्हा जागा झाली.