पणतीचं तेल आतून आलं

वसुबारसेला नऊ दिवस उरले होते. नवी पेठेतल्या एका दुकानाच्या 240 पणत्या अ‍ॅक्रिलिकनं रंगवून, वर वॉर्निशचे दोन हात देऊन तयार होत्या. सासूबाई म्हणाल्या, "एखादी लावून तर बघ गं." मी करडईचं तेल घालून एक पणती वर्तमानपत्रावर ठेवली आणि लावली.

सकाळी कागदावर तेलाचं गोल कडं उमटलं होतं. मोरपंखी रंग काळपट पडला होता. नख लावलं तर केळ्याच्या सालीसारखा अख्खा पापुद्राच निघाला आणि खाली माती तेलानं चमकत होती. वातीच्या तोंडाशी रंग तपकिरी होऊन बोटाला चिकटत होता.

चिकटपणा बघून मला वाटलं, उष्णतेनंच सगळं बिघडलं. पण बुडाला तर आच पोचतच नाही, मग तिथला रंग का सुटावा? म्हणून दोन पणत्या घेतल्या. दोन्हींत तेल घातलं, पण एकच लावली. संध्याकाळपर्यंत न लावलेल्या पणतीलाही बाहेरून डाग आले. तोंड मात्र लावलेल्याच पणतीचं चिकट झालं होतं. म्हणजे दुखणी दोन होती. तोंडापाशी आच रंग मऊ करत होती आणि बाकी सगळीकडे तेल मातीतून झिरपून रंगाला पाठीमागून ढकलत होतं. मी वॉर्निश लावलं ते बाहेरून, आणि तेल येत होतं आतून.

कुंभार वेशीत ज्यांच्याकडून पणत्या घेते त्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "भट्टीत भाजली तरी पणती तेल पिणारच. म्हणून तर लावायच्या आधी पाण्यात घालतात." हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. भिजलेल्या पणतीची छिद्रं पाण्यानं भरतात, मग ती तेल कमी पिते. पण रंगवलेली पणती आता भिजवली असती तर तेच पाणी भिंतीत शिरून रंगाला फोड आले असते.

सुदैवानं सगळ्या पणत्या आतून कोऱ्या होत्या. आधी मी लाकडाला लावायचा पांढरा गोंद पातळ करून एकीला आतून लावला. वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब ठेवला, तर जागा दुधाळ होऊन चिकटली. तो बेत सोडला. मग पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक वॉर्निश घेतलं. पहिला हात थोडं पाणी घालून पातळ दिला, म्हणजे तो छिद्रांत उतरतो. तो चांगला वाळल्यावर दुसरा हात घट्टच दिला. पुन्हा थेंबाची परीक्षा केली. कोरी माती थेंब बघता बघता पिते आणि तिथं गडद ठिपका पडतो. बंद झालेल्या मातीवर थेंब मोत्यासारखा उभा राहतो. तीन-चार पणत्यांत बुडाच्या कोपऱ्यात थेंब जिरला, कारण तिथं ब्रश पोचलाच नव्हता. तेव्हापासून मी बारीक गोल ब्रश बुडासाठी वेगळा ठेवते.

तोंडाला मात्र आतून-बाहेरून काहीच लावायचं नाही. वात टेकते तिथं वॉर्निश जळतं आणि प्लास्टिक जळाल्यासारखा वास येतो. म्हणून जावेनं आणि मी पॉलिश पेपरनं प्रत्येक तोंड दोन बोटं रुंद घासून कोरं केलं. एवढी रुंद जागा का? वातीबरोबर वर आलेलं तेल त्या कोऱ्या मातीत शिरतं आणि आतल्या आत आजूबाजूला पसरतं. रंग जवळ असला तर तो तिथून सुटायला लागतो. तोंडाखालची पट्टीही त्यासाठीच मोकळी ठेवली. नक्षी थोडी कापली गेली, त्याचं मला वाईट वाटलं.

दोन दिवसांत काम उरकलं आणि पणत्या चार दिवस सावलीत ठेवल्या. वॉर्निश हाताला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला वेळ घेतं. घाईनं पणती पेटवली तर ते मऊच राहतं.

दुकानदार दादांना मी स्पष्ट सांगितलं, "एका संध्याकाळच्या तेलाची हमी देते. रोज लावायची असेल तर आत छोटी अ‍ॅल्युमिनियमची वाटी ठेवून त्यातच तेल-वात घालायला सांगा." त्यांनी तशी चिठ्ठी प्रत्येक डब्यात घातली. पुढच्या वर्षीसाठी मी क्रमच बदलला आहे. पणती आधी रात्रभर भिजवून घासायची, दोन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवायची, आतून बंद करायची आणि मगच बाहेर रंग द्यायचा.

लक्ष्मीपूजनाला त्याच 240 मधली एक दारात लावली. सकाळी उचलली तेव्हा खालचा कागद कोरडा होता. तोंडाखाली अंगठ्याएवढा तेलाचा डाग होता, पण तिथं रंगच नव्हता.