दिसायला सारखा, तरी चुकलेला शब्द

मराठी आवाज ऐकून लिहून काढायच्या कामातल्या, तपासणीतून परत आलेल्या ३२ फाइल्स परवा एका तक्त्यात मांडल्या. रकाने चारच: मी लिहिलेलं, तपासणाऱ्याने दुरुस्त केलेलं, त्याचा शेरा आणि माझ्या मते कारण. शेऱ्यावरून गट पाडले असते तर हाती काही लागलं नसतं, कारण निम्म्या ठिकाणी नुसतं ‘स्पेलिंग’ लिहिलेलं. असा शेरा देणं म्हणजे तपासणी अर्धवट सोडणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन रकाने शेजारी आल्यावर १३ ओळींनी मला थांबवलं. माझं ‘दुसऱ्या’ आणि दुरुस्त केलेलं ‘दुसऱ्या’ यांत डोळ्यांना काहीच फरक दिसेना. शेवटी दोन्ही शब्दांची अक्षरं सुटी करून पाहिली:

```python
for c in word: print(hex(ord(c)))
```

दुरुस्त शब्दात ‘ऱ’ (U+0931), हलन्त आणि य होता. माझ्यात साधा ‘र’ (U+0930), हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह U+200D आणि मग य. माझा लॅपटॉपवरचा कीबोर्ड अर्धा र असा बनवतो. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण तुलना करणाऱ्या प्रणालीला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नेहमीचं NFC रूपांतरही हा फरक मिटवत नाही.

पहिला विचार आला तो U+200D सरसकट पुसायचा. तसं केलं असतं तर ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ झालं असतं, स्वयंपाक्याचे गुरुजी! म्हणून पुसायचं नाही, तिन्ही चिन्हं एकत्र बदलायची:

```python
text = text.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

‘आर्य’, ‘कार्य’ यांतल्या रफाराला याचा धक्का लागत नाही, कारण तिथे जोडचिन्हच नसतं. आता फाइल पाठवण्याआधी ही ओळ चालवते.

दुसऱ्या गटात ११ फाइल्स होत्या आणि तिथे दोष माझ्या कानाचा. बोलणारा ‘गेल्तो’ म्हणतो आणि हात ‘गेलो होतो’ लिहून मोकळा होतो. सूचना मात्र जसं ऐकलं तसं लिहायची. आवाज पुन्हा ऐकताना नजर मजकुरावर असेल तर ही चूक सापडत नाही, कारण वाचलेलं तेच ऐकू येतं. मी मजकूर झाकून फक्त क्रियापदाचा तुकडा ऐकते, कागदावर लिहिते आणि मग ताडून पाहते.

उरलेल्या आठांत समान धागा नाही. पण त्या अकरांतल्या दोन मला अजून सुटलेल्या नाहीत. एका तपासणाऱ्याने ‘गेल्तो’चं ‘गेलतो’ केलं, दुसऱ्याने ‘गेलतो’चं ‘गेल्तो’. दोन्ही फाइल्सचे क्रमांक शेजारी लिहून प्रमुखांना विचारलंय, कोणतं रूप धरायचं. उत्तर येईपर्यंत अशा क्रियापदांच्या फाइल्स बाजूला ठेवल्या आहेत.