शून्य जुळला म्हणजे उतार जुळला असं नाही: तिरक्या मॅनोमीटरचा माझा अनुभव

एका छोट्या वाऱ्याच्या बोगद्यात सेकंदाला ४ मीटरच्या आसपासचा वेग पिटो नळीने, म्हणजे वाऱ्याला सामोऱ्या आणि बाजूच्या तोंडांतल्या दाबाच्या फरकावरून वेग देणाऱ्या नळीने, मोजायचा होता. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो धरली तर ४ मीटरला पिटोच्या दोन तोंडांमधला दाबाचा फरक येतो ½ × १.२ × ४², म्हणजे ९.६ पास्कल. पाण्याचा १ मिलिमीटर म्हणजे साधारण ९.८ पास्कल. त्यामुळे पाणी भरलेल्या उभ्या यू-नळीत दोन्ही बाजूंच्या पातळ्यांत जेमतेम १ मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्यांनी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाचता येत नाही असं धरलं, तर दाबात निम्म्याची शंका राहते. वेग दाबाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून वेगात ती पाव होते, पण तेवढ्यानेही आकडा निकामीच ठरतो.

म्हणून तिरकी नळी घेतली. एका बाजूला ८० मिलिमीटर व्यासाचं भांडं, त्याच्या तळाशी जोडलेली ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची काचेची नळी, आणि नळीचा उतार दहास एक: ५०० मिलिमीटर लांबीवर ५० मिलिमीटर चढ. द्रव म्हणून थोडा रंग घातलेलं इथाइल अल्कोहोल वापरलं. दाब तोच असला की द्रव तेवढाच उंच चढतो, फक्त ती उंची गाठायला त्याला नळीतून दहापट लांब जावं लागतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने आणखी थोडा फायदा मिळतो. नळीत द्रव वर सरकतो तेव्हा भांड्यातली पातळी किंचित खाली जाते, तेही हिशेबात धरायचं:

Δp = ρ g L (sin θ + a/A)

इथे Δp म्हणजे दाबाचा फरक, ρ द्रवाची घनता, g गुरुत्वत्वरण, L द्रव नळीतून सरकलेलं अंतर, θ नळीचा आडव्याशी कोन, आणि a/A म्हणजे नळीच्या आणि भांड्याच्या छेदांचं गुणोत्तर, (४/८०)² = ०.००२५. आकडा क्षुल्लक दिसतो, पण साइनच ०.१ आहे, त्यामुळे ती अडीच टक्क्यांची दुरुस्ती होते. उतार कमी केला की तिचं वजन वाढत जातं. अल्कोहोलची घनता घनमीटरला ७९० किलो धरली तर ९.६ पास्कलला द्रव १२ मिलिमीटर सरकायला हवा. त्यात अर्ध्या मिलिमीटरची शंका म्हणजे दाबात ४ टक्के आणि वेगात २. एवढं मला चालणार होतं.

द्रव निवडण्यामागे आणखी एक कारण होतं. पाणी काचेला कधी नीट चिकटतं, कधी नाही. नळीत जरा तेलकटपणा असला की पातळीची कड अडकते आणि टिचकी मारली की उडी मारून पुढे जाते. उभ्या नळीतली ही अडखळ तिरक्या नळीत त्याच दहापटीने मोठी होऊन दिसते. अल्कोहोल काच सहज ओली करतं, त्यामुळे कड सावकाश पण न अडकता सरकते. मात्र दाब कमी होऊन द्रव मागे आला की काचेवर एक पातळ थर मागे राहतो. तो निथळेपर्यंत थांबावं लागतं. मी वाचन नेहमी कड वर चढत असताना घेतो, दरवेळी कडेच्या तळाशी आणि त्याच बाजूने बघून.

नळी बोगद्याला जोडण्याआधी मला उताराची खात्री करायची होती. दहास एक उतार म्हणजे ५.७४ अंश. एवढ्या कमी कोनात अर्ध्या अंशाची चूक साइनमध्ये जवळपास ९ टक्क्यांनी उमटते. ३० अंशांवर तीच चूक फक्त दीड टक्का असते आणि उभ्या नळीत तर जवळजवळ शून्य, कारण ९० अंशांपाशी साइन बदलतच नाही. म्हणजे ज्या कारणाने तिरकी नळी संवेदनशील होते, त्याच कारणाने ती बसवलेल्या टेबलाबाबतही संवेदनशील होते. शिवाय ही चूक लपून राहते. टेबल कलतं असलं तरी पट्टी सरकवून द्रव शून्यावर आणता येतो. शून्य चोख दिसतो आणि त्यानंतरचं प्रत्येक वाचन सारख्याच प्रमाणात चुकत जातं.

इथे उभी यू-नळीच कामी आली. तिला लहान दाब दिसत नाही, पण ती थोडी कलली तरी मोठ्या दाबाचं वाचन बदलत नाही. म्हणून टी-जोडाने दोन्ही मॅनोमीटर एकाच सिरिंजला जोडले, दुसरी तोंडं खोलीत उघडी ठेवली, आणि यू-नळीच्या दोन बाजूंत २० मिलिमीटर फरक येईपर्यंत दट्ट्या हळूच दाबला. मग रबरी नळी चिमट्याने बंद केली आणि सिरिंजवरून हात काढला. हात काढणं महत्त्वाचं आहे. कोंडलेल्या हवेचं आकारमान बदलू दिलं नाही, तर तिचं तापमान १ अंशाने वाढताच दाब सुमारे ३४५ पास्कलनी वाढतो. माझ्या ३०० मिलिमीटरच्या पट्टीची पूर्ण क्षमताच २४० पास्कलच्या आत होती. बोटांच्या उबेनेही दोन्ही पातळ्या चढताना दिसतात. त्या स्थिरावल्यावर दोन्ही वाचनं एकाच वेळी घेतली.

पाण्याचे २० मिलिमीटर म्हणजे १९६ पास्कल. तिरक्या नळीवर २४६ च्या आसपास यायला हवं होतं, आलं २६५. सूत्र उलटं फिरवलं तर साइन निघाली ०.०९२८, म्हणजे कोन ५.३३ अंश. ५०० मिलिमीटरवर चढ ५० ऐवजी ४६.४. टेबलच त्या बाजूला मीटरमागे साधारण ७ मिलिमीटर उतरतं होतं, आणि एवढं नुसत्या नजरेला कळत नाही. बैठकीचे स्क्रू फिरवले, शून्य पुन्हा जुळवला, पुन्हा २० मिलिमीटर दाब दिला. या वेळी २४७ आलं. यू-नळीच्या वाचनात अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे अडीच टक्क्यांची शंका आहे, त्यामुळे इतकं जुळणं पुरेसं होतं. नंतर चढ पट्टीनेही मोजून पाहिला. कोनमापकाच्या भानगडीत पडू नये. नळीच्या दोन टोकांची टेबलापासूनची नव्हे, तर पाणीपातळीच्या समतलापासूनची उंची मोजावी आणि फरकाला लांबीने भागावं.

मग बोगदा चालू केला. नळीवर १२ मिलिमीटर आलं: ९.५ पास्कल, वेग सेकंदाला ३.९८ मीटर. उतार दुरुस्त न करता हीच हवा मोजली असती तर कड १३ च्या जवळ दिसली असती आणि हिशेब ४.१५ मीटर निघाला असता. दोन्ही वेळा शून्य अगदी जागेवर असता.

थांबताना शून्य पुन्हा तपासला, तेव्हा तो थोडा मागे सरकलेला होता. अल्कोहोल उडतं, शिवाय खोली तापली की त्याची घनता अंशामागे साधारण ०.१ टक्क्याने घटते. त्यामुळे शून्य आधी आणि नंतर दोन्ही वेळा टिपावा, आणि द्रवाशेजारी थर्मामीटर ठेवावा.

उतार आणखी कमी करून वाचन जास्त लांबवता येतं का, हेही करून पाहिलं. ५ अंशांच्या खाली कड लांबुडकी होते, तिचा तळ नेमका कुठे हे ठरत नाही, आणि वाचनातली शंका उताराच्या फायद्याइतकीच वाढते. माझ्या नळीवर सेकंदाला २ मीटर वेगाला जेमतेम ३ मिलिमीटर येतात. तिथे अर्ध्या मिलिमीटरने वेगात सुमारे ८ टक्के शंका येते. त्याखालच्या वेगांसाठी मी तिरकी नळी वापरत नाही. तिथे मायक्रोमीटर स्क्रूने भांडं वरखाली करून कड दरवेळी एकाच खुणेवर आणायचा सूक्ष्ममापी मॅनोमीटर लागतो. त्यात कड हलत नसल्याने नळीच्या वेगवेगळ्या जागी ती कशी चिकटते हा प्रश्नच उरत नाही, आणि उंची थेट स्क्रूवर वाचता येते.